सवयीत खाडा पडला, आता पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सवयींची नोंद ठेवणाऱ्या ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांकडून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न सवय कशी लावायची हा नसतो. "मध्येच एक दिवस राहिला, आता काय करू?" असं लोक विचारतात. म्हणून इथे फक्त खाड्याबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. भिंतीवरचं कॅलेंडर, वही, फोनमधलं ॲप किंवा शीट, नोंद कुठेही असली तरी उत्तरं तीच लागू पडतात.

१. काल चालायला जायचं राहिलं. आज नेमकं काय करायचं?

तीन गोष्टी, त्याही याच क्रमाने. आधी कालच्या चौकटीत "चु" लिहा, म्हणजे चुकला. चौकट कोरी ठेवू नका. कोरी चौकट दोन दिवसांनी पाहिली की तिथे काय झालं होतं ते आठवत नाही. मग त्याच्या शेजारी कारण लिहा, चार-पाच शब्दांत: "गाडी बंद, ९ ला घरी", "पाहुणे आले", "विसरलो". "आळस" हे कारण लिहू नका, त्यातून पुढे काहीच करता येत नाही. आळस वाटला तेव्हा किती वाजले होते आणि त्याआधी काय चाललं होतं, ते लिहा.

तिसरी गोष्ट आजची. सवय ज्या क्षणाला बांधलेली आहे, त्याच क्षणी तिचा किमान भाग करा. चालणं "ऑफिसातून आलो की बूट बदलायचे" याला बांधलं असेल, तर आजही आल्या आल्या बूट बदला आणि पाच मिनिटं चाला. पूर्ण अर्धा तास जमला तर उत्तमच, पण आज अडून बसायचं ते वेळेवर, मिनिटांवर नाही. किमान भाग म्हणजे किती, ते प्रश्न ४ मध्ये पाहा.

२. एका दिवसाच्या खाड्याने आधीची मेहनत वाया जाते का?

नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना प्रत्येकी एक नवी सवय निवडायला लावली. जेवताना पाणी पिणं, फळ खाणं, रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं धावणं अशा साध्या सवयी होत्या. १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस, प्रत्येकाने ती किती आपसूक होते याची रोज नोंद केली. एखाद्या दिवशी संधी हुकली, तरी सवय मुरण्याच्या एकूण प्रवासावर लक्षणीय फरक पडला नाही.

याला एक मर्यादा आहे आणि ती लक्षात ठेवा. हा निष्कर्ष सुट्या, एकेकट्या खाड्याबद्दलचा आहे. सलग आठवडाभर खंड पडला तर काय होतं, हे त्यातून सांगता येत नाही. म्हणून आमचा सगळा भर दुसऱ्या दिवसावर असतो: एक खाडा सुटा राहिला पाहिजे, त्याला लागून दुसरा यायला नको.

३. मग एकच दिवस चुकल्यावर सगळंच सोडून द्यावंसं का वाटतं?

पावसात छत्री उघडायला उशीर होतो, आपण भिजतो, आणि मग "भिजलोच आहे तर आता कशाला" म्हणून छत्री उघडतच नाही. नेमकं तसंच. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांचा १९७५ चा एक प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. लोकांना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि नंतर हवं तितकं आइस्क्रीम. खाण्यावर नियंत्रण न ठेवणारे मिल्कशेकनंतर कमी आइस्क्रीम खात होते, कारण पोट भरलं होतं. डाएटवाले मात्र मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त खात होते. त्यांच्या हिशेबी आजचा दिवस मोडला होता, मग राखायचं काय?

म्हणजे नुकसान एका मिल्कशेकने झालं नाही. "दिवस एकतर पाळला, नाहीतर मोडला" या दोनच खान्यांच्या हिशेबाने ते झालं. नोंदवहीत पूर्ण आणि शून्य एवढेच दोन पर्याय असतील तर तीही हाच हिशेब शिकवते. म्हणून आम्ही चार खुणा सुचवतो: प (पूर्ण), क (किमान), चु (चुकला) आणि सु (आधी ठरवलेली सुट्टी). यातली "क" ही खूण सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

४. किमान भाग किती छोटा ठेवायचा? पाच मिनिटांनी काय होणार आहे?

तब्येतीच्या दृष्टीने पाच मिनिटांनी फार काही होत नाही, हे खरं आहे. पण तो दिवस व्यायामासाठी नसतोच. ठरलेल्या क्षणी ठरलेली कृती सुरू होते आहे ना, एवढंच त्या दिवशी राखायचं असतं.

किमान भाग ठरवताना आपल्या सगळ्यात वाईट दिवसाची कल्पना करा. पाऊस, तीन हात नाक्यावर तासभर अडकलेली बस, घरी पोचायला साडेनऊ, जेवण व्हायचंय. त्या रात्री जे करता येईल तेच किमान. वाचनाची सवय असेल तर अर्धं पान. रियाजाला तंबोरा लावून एक आवर्तन. सूर्यनमस्कार बारा घालत असाल तर एक. खर्च लिहायची सवय असेल तर आजचा सगळ्यात मोठा एक खर्च.

ते छोटं झालं की नाही हे कसं ओळखायचं? कपडे बदलावे लागत असतील, कुठे जावं लागत असेल किंवा कुणाची वाट पाहावी लागत असेल, तर ते किमान नाही. "पाच मिनिटं उपवन तलावावर" हे किमान नव्हे, कारण तलावापर्यंत जायचंय. "पाच मिनिटं सोसायटीच्या पार्किंगमध्ये" हे किमान. आणि हे खाडा पडायच्या आधी, शांत डोक्याने, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. रात्री दहाला दमल्यावर ठरवायला बसलात तर उत्तर नेहमी "उद्या" असंच येतं.

५. काल राहिलेलं आज दुप्पट करून भरून काढू का?

नको. हा सल्ला वाचकांना सर्वात कमी आवडतो, पण आम्ही त्यावर ठाम आहोत. काल ३० मिनिटं राहिली, आज ६० करायची ठरवली. काल ३० ला वेळ नव्हता, तर आज ६० ला मिळेल याची शक्यता त्याहून कमी. आजही राहिलं की उद्याचं देणं ९० होतं, आणि ९० मिनिटं समोर दिसली की माणूस वही उघडतच नाही. धावणं किंवा जोर-बैठकांसारख्या सवयीत तर दुप्पट केल्याने पोटऱ्या भरून येतात आणि परवाचाही खाडा पडतो.

अपवाद एकच. ज्या कामाला बाहेरची मुदत आहे, तिथे काम भरून काढावंच लागतं. परीक्षेला रोज २० गणितं ठरली होती आणि एक दिवस राहिला, तर ती २० उरलेल्या दिवसांत वाटा. १० दिवस उरले असतील तर रोज २२. एका दिवसावर सगळी टाकू नका.

६. ॲपमध्ये साखळी तुटून शून्य दिसतंय. २१ दिवसांचं चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं का?

२१ दिवसांत सवय लागते हा नियम नाही. १९६० मध्ये एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की रुग्णांना बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान साधारण २१ दिवस लागतात. त्यातलं "किमान" गळालं आणि रुग्णही गळाले, २१ मात्र राहिले. वर सांगितलेल्या लॅली यांच्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा होता, आणि माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत जात होता. तेव्हा "पहिल्या दिवसापासून" जायला मुळात कोणतं चक्रच नाही.

साखळीचा आकडा एकाच गोष्टीत खोटा असतो: ३० दिवसांनंतरचा एक खाडा आणि कधीच न केलेलं काम, दोन्ही तो शून्य दाखवतो. त्याऐवजी महिन्याची टक्केवारी पाहा. ॲपमध्ये ती सोय नसेल तर शीट करा. पहिल्या रकान्यात सवयीचं नाव, पुढे ३१ रकाने, आणि प, क, चु, सु या खुणा. ओळीच्या शेवटी, म्हणजे AG2 मध्ये, हे सूत्र घाला आणि तो सेल टक्केवारीत दाखवा:

```
=(COUNTIF(B2:AF2,"प")+COUNTIF(B2:AF2,"क"))/(COUNTA(B2:AF2)-COUNTIF(B2:AF2,"सु"))
```

पुढचे दिवस रिकामे असल्याने ते हिशेबात येत नाहीत, आणि सुट्ट्या वजा होतात. मात्र चुकलेल्या दिवशी "चु" लिहायचं राहिलं, तर तो दिवसही वगळला जातो आणि टक्केवारी फुगते. चौकट कोरी ठेवू नका, असं प्रश्न १ मध्ये म्हटलं त्याचं हेही एक कारण.

७. मी दुसऱ्या दिवशी लगेच सावरतो, पण खाडे पडतच राहतात. कुठे चुकतंय?

खाड्यांचे वार पाहा. एक उदाहरण पूर्ण मांडतो.

समजा वसंतविहारला राहणारा एक जण ऐरोलीला कामाला जातो. सवय अशी: संध्याकाळी साडेसातला घरी आलं की बूट बदलायचे आणि उपवनला ३० मिनिटं चालायचं. किमान भाग, सोसायटीत पाच मिनिटं. १ जुलैला सुरुवात केली आणि १५ तारखेपर्यंत एकही दिवस चुकला नाही. १६ ला, मंगळवारी, खाडा. कारण लिहिलं: "पाऊस, गाडी उशिरा, ९ ला घरी". १७ ला पाच मिनिटं, खूण "क". १८ पासून २२ पर्यंत पूर्ण. मग २३ ला पुन्हा खाडा, आणि कारण: "मीटिंग लांबली, ९ वाजले". २४ पासून ३१ पर्यंत पुन्हा पूर्ण. ३० तारखेला मात्र तो जेवल्यानंतर पावणेदहाला कसाबसा गेला.

साखळीने मोजलं तर त्याच्याकडे १५, ६ आणि ८ असे तुकडे आहेत, आणि हे चित्र निराश करणारं आहे. टक्केवारीने ३१ पैकी २९ दिवस, म्हणजे सुमारे ९४ टक्के. आता चुकलेल्या दिवसांकडे बघा: १६ आणि २३, दोन्ही मंगळवार. ३० सुद्धा मंगळवारच, त्या दिवशी थोडक्यात वाचला. पहिल्या खेपेला त्याने पावसाला दोष दिला आणि तो खोटाही नव्हता. पण "९ ला घरी" हे शब्द दोन्ही नोंदींत आहेत. मंगळवारी संध्याकाळी पाचची मीटिंग लांबते, त्याची नेहमीची गाडी सुटते, आणि ठाण्याला नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर उतरेपर्यंत साडेआठ होतात.

म्हणजे मंगळवारी "साडेसातला घरी" हा क्षण येतच नाही. सवय ज्या खुंटीला बांधली आहे ती खुंटीच त्या दिवशी जागेवर नसते. इथे निश्चय वाढवून काही होणार नाही. मंगळवारपुरती खुंटी बदलायची: दुपारी डबा खाऊन झाला की ऑफिसच्या आवारात २० मिनिटं. आणि ते "जर-तर"च्या वाक्यात लिहायचं: "मंगळवारी डबा बंद केला, की जिना उतरायचा." पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये अशाच वाक्यांबद्दल मांडलं होतं की नुसत्या इच्छेपेक्षा "अमुक झालं की तमुक करीन" हे आधी ठरवलेलं जास्त पार पडतं.

आमचा ढोबळ नियम असा: एकाच वारी किंवा एकाच कारणाने दोनदा खाडा पडला तर संशय घ्या, तिसऱ्यांदा पडला तर आराखडा बदला. वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या कारणांनी महिन्यात दोन-तीन खाडे पडत असतील तर काहीही बदलू नका. ते आयुष्य आहे.

८. गणपतीत पाच दिवस गावी जाणार आहे. तो खाडा धरायचा का?

आदल्या रात्रीपर्यंत लिहून ठेवलं असेल तर "सु", नंतर लिहिलं तर "चु". एवढी एकच रेषा पाळा. कारण कितीही खरं असलं तरी मागाहून सुट्टी द्यायला लागलात की प्रत्येक खाडा सुट्टी होतो आणि नोंदीतून काही शिकता येत नाही. जाण्याआधी पाचही चौकटींत "सु" लिहा. परतीच्या दुसऱ्या दिवशीच्या चौकटीत पेन्सिलने "क" लिहून ठेवा. रात्रभर प्रवास करून आल्यावर पूर्ण सवयीची अपेक्षा धरली की सहावा दिवस हमखास जातो.

९. आणि अचानक अडचण आली तर? त्यासाठी काही सूट ठेवावी का?

ठेवावी, आधी मोजून. ध्येय रोजचंच ठेवा, पण महिन्याला दोन राखीव दिवस वहीच्या कोपऱ्यात दोन गोल काढून ठेवा. अडचण आली की "चु" लिहून एक गोल खोडा. मारिसा शरीफ आणि सुझन शू यांच्या २०१७ च्या अभ्यासात, अवघड ध्येयासोबत अशी राखीव सूट मिळालेले लोक, सूट नसलेल्या अवघड किंवा सोप्या ध्येयवाल्यांपेक्षा जास्त टिकून राहिले. सूट हाताशी आहे म्हटल्यावर लोक ती लगेच उडवत नाहीत, जपून ठेवतात.

दोनच का? आठवड्याला दोन ठेवले तर ती रोजची सवय उरत नाही, आणि महिन्याला एकच ठेवला तर पावसाळ्यात पहिल्याच आठवड्यात संपतो. जुलै-ऑगस्टमध्ये रोज लोकलने जाणाऱ्यांनी तीन ठेवायला आमची हरकत नाही.

१०. माझी सवय आठवड्यातून तीनदाची आहे. सोमवार हुकला तर तो खाडा?

नाही. तुमचा हिशेब रविवारी रात्री बंद होतो. सोमवार हुकला तर मंगळवारी करा. इथे प्रश्न ५ मधली मनाई लागू नाही, कारण तुम्ही दुप्पट करत नसून वार पुढे ढकलताय. मात्र गुरुवारी रात्रीपर्यंत एकदाही झालं नसेल तर शुक्रवार, शनिवार, रविवार सलग तीन दिवस ठेवू नका. त्या आठवड्यात दोनदाच करा, एक "चु" लिहा आणि सोमवारपासून नव्याने मोजा.

११. नाईट शिफ्ट असते. रात्री बारानंतर केलं तर कोणत्या तारखेत लिहू?

तुम्ही झोपून उठलात की तुमचा दिवस सुरू आणि पुढची मोठी झोप लागली की संपला. महापे किंवा रबाळ्याला रात्रपाळी करून सकाळी आठला घरी येऊन वाचलेलं पान हे आदल्या तारखेचंच. बहुतेक ॲप मध्यरात्रीला तारीख बदलतात, काहींच्या सेटिंगमध्ये दिवस सुरू होण्याची वेळ पुढे नेता येते. नसेल तर मागच्या तारखेत टिक करा. ही लबाडी नाही. काम न करता मागची टिक केली तर ती लबाडी, आणि तिचं नुकसान प्रश्न ७ मध्ये दिसतं: खाड्याचा वारच वहीतून पुसला जातो.

काम केलं पण टिक राहिली, हेही असंच. नक्की आठवत असेल तर "प" लिहा, शंका असेल तर "चु". आणि टिक सारखी राहत असेल तर वही सवयीच्या जागी हलवा: बुटांच्या कपाटावर, तंबोऱ्यापाशी.

१२. ताप आला, आठ दिवस गेले. परत कसं सुरू करू?

तापाचे दिवस "सु" धरा. प्रश्न ८ मधल्या आदल्या रात्रीच्या नियमाला आजारपण हा एकमेव अपवाद. अंगात ताप असताना व्यायामाचा किमान भागही करू नका. ताप उतरल्यावर आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही की पहिले तीन दिवस फक्त "क", पुढचे तीन दिवस अर्धं, सातव्या दिवशी पूर्ण. डेंग्यू किंवा टायफॉइडनंतर अशक्तपणा बरेच दिवस राहतो, तेव्हा ही गती डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

१३. तंबाखू सोडून चाळीस दिवस झाले होते, काल एकदा घेतली. संपलं का सगळं?

नाही. घसरणं आणि परत जुन्या जागी जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यसनांवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी हा भेद ठळकपणे मांडला. "मी सुधारणारच नाही" असं पहिल्या घसरणीनंतर स्वतःला सांगितलं जातं, तेव्हा दुसरी जवळ येते.

पण इथे "किमान भाग" नसतो, हे स्पष्ट समजून घ्या. अर्धी पुडी हे किमान नव्हे. उरलेली पुडी आत्ता टाकून द्या. कुणाबरोबर, कुठे, किती वाजता, आधी काय झालं ते लिहा. स्टेशनबाहेरच्या टपरीवर, सहकाऱ्यांसोबत, चहानंतर असं असेल तर पुढचे दोन आठवडे चहा दुसरीकडे घ्या. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन 1800-11-2356 हा नंबर टोल-फ्री आहे, तिथे समुपदेशक बोलतात.

१४. बीपीची गोळी घ्यायची राहिली. हीही सवयच ना?

गोळी नोंदवहीत लिहायला हरकत नाही, पण वरचा एकही नियम तिला लावू नका. राखीव दिवस नाही, किमान भाग नाही, आणि आपल्या मनाने दोन गोळ्या एकदम घेणं तर अजिबात नाही. राहिलेल्या गोळीचं काय करायचं ते औषधागणिक बदलतं. पाकिटातला कागद वाचा किंवा डॉक्टरांना, केमिस्टला फोन करा. पुढच्या भेटीत आधीच विचारून ठेवा: "एखादी राहिली तर किती तासांपर्यंत घ्यायची?" मिळालेलं उत्तर गोळ्यांच्या डबीवर चिकटवा.